रुपयामागे चाळीस पैसे

“आम्ही दोघे नोकरी करतो, थोरले दीर एकटे कमावतात. घरखर्च आजवर निम्मा-निम्मा होता. आता मिळकतीप्रमाणे द्या म्हणतात. आम्ही जास्त कमावतो, त्याचा हा दंड का?”

कोल्हापुरातील या कुटुंबाला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) मी पगाराच्या पावत्या घेऊन बोलावले होते. थोरल्या भावाने खिशातून चौपदरी घडीचा कागद काढला आणि तो उलगडून समोर ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. फौंड्रीतील त्यांच्या नोकरीचे हातात 36,000 रुपये येत. निम्म्या वाटणीचे 22,500 दिल्यावर उरलेल्या 13,500 मध्ये दोन मुलांची फी भागवायची होती. धाकट्याचे 54,000 आणि त्याच्या पत्नीचे 30,000, यांतून तेवढेच देऊन त्यांच्याकडे 61,500 उरत. हा आकडा त्या घरात कोणी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता.

तरीही मी लगेच वाटे काढले नाहीत, कारण भांडण बहुधा टक्केवारीवरून होत नाही, मिळकत कशाला म्हणायचे यावरून होते. धाकट्याचे म्हणणे, गाडीचा हप्ता आधी वजा करावा. मी नकार दिला. प्राप्तिकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी वजा होणे आपल्या हातात नसते. गाडी घेणे किंवा पतसंस्थेत बचत करणे हा आपला निर्णय असतो. हप्ते वजा होऊ लागले की जो अधिक कर्ज काढेल त्याचा वाटा कमी होतो. मात्र वडिलांना तपासणीला नेण्याचे पेट्रोल समाईक खर्चात धरावे, हे थोरल्यांनी आपणहून सुचवले.

दोन महिने वही लिहून किराणा, दूध, गॅस, वीज, घरपट्टी, वडिलांची औषधे व हे पेट्रोल यांचा खर्च महिना सरासरी 45,000 निघाला. फी, मोबाईल आणि कपडे ज्याचे त्याच्याकडे राहिले. मग मी थोरल्या जाऊबाईंकडे वळले. आठ माणसांचा स्वयंपाक त्या करतात आणि म्हणूनच धाकटीला साडेआठला शाळेत पोहोचता येते, हे धाकटीनेच मान्य केले. त्यांच्या स्वतःच्या खात्यावर दरमहा 3,000 जमा करायचे ठरले. त्या श्रमाची ती किंमत नव्हे. त्यांना कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच सोय आहे.

एकूण खर्च 48,000, एकूण मिळकत 1,20,000. म्हणजे मिळकतीच्या रुपयामागे चाळीस पैसे. थोरल्यांचे 14,400, धाकट्याचे 21,600, त्याच्या पत्नीचे 12,000. धाकट्या जोडप्याचा भार 11,100 रुपयांनी वाढला आणि तो त्यांना जाणवेल, हे मी लपवले नाही. तरी त्यांच्याकडे 50,400 उरतात.

मी एकच अट घातली: जास्त भरणाऱ्याचा शब्द स्वयंपाकघरात किंवा देण्याघेण्यात जास्त चालणार नाही. ही पद्धत मोडते ती बहुतेक तिथेच, किंवा कोणी पगारवाढ लपवली तर. म्हणून दर एप्रिलला पावत्या पुन्हा समोर ठेवायच्या आणि मध्येच कोणाची नोकरी गेली तर त्याच महिन्यात वाटे नव्याने काढायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर सर्वांच्या सह्यांनिशी लिहिले आहे. जाऊबाईंची सहीही त्यात आहे.