बिल गिऱ्हाईकच बनवणार असेल तर आपण नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: आम्ही एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. त्यांनी कळवलंय की पुढच्या महिन्यापासून तुम्ही बिल पाठवू नका, माल मिळाला की तुमच्या नावाने बिल आम्हीच तयार करू आणि पैसे जमा करू. त्यासाठी करारावर सही मागितली आहे. आमचं टायपिंगचं काम वाचेल, पण जरा धाकधूक वाटते. सही करू का? आणि मग आम्ही काय तपासत राहायचं?

उत्तर:

मी आधी सात वर्षं खरेदीदाराकडच्या बिल विभागात होतो, आता पुरवठादाराकडे हिशेब बघतो. त्यामुळे हा प्रकार, म्हणजे सेल्फ-बिलिंग, दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कागद त्यांच्या प्रिंटरमधून आला तरी ते बिल तुमचं आहे. विक्री तुमची आणि त्यावरचा कर सरकारला भरायची जबाबदारीही तुमचीच. ब्रिटनमधे तर अशा प्रत्येक बिलावर 'इथे दाखवलेला व्हॅट हा तुमच्या विक्रीवरचा, तुम्ही सरकारला भरायचा कर आहे' अशा अर्थाचं वाक्य छापावंच लागतं, कारण पुरवठादार नेमकं हेच विसरतात. रिव्हर्स चार्जमधे कर खरेदीदार स्वतःच भरतो आणि काही वेळा बिलही स्वतःच बनवतो. ते प्रकरण वेगळं, त्याची यात गल्लत करू नका.

तुमच्या करकायद्यात ही पद्धत चालते का आणि कोणत्या अटींवर, हे सल्लागाराकडून सहीच्या आधी विचारून घ्या. सगळीकडे सरसकट मोकळीक नसते. युरोपीय संघाच्या व्हॅट नियमांत आधी करार लागतो आणि शिवाय प्रत्येक बिल पुरवठादाराने स्वीकारण्याची ठरलेली पद्धत लागते. ऑस्ट्रेलियात ठरावीक प्रकारच्या व्यवहारांनाच परवानगी आहे आणि दोघेही जीएसटीत नोंदलेले असावे लागतात.

करारात मी तीन कलमं बारकाईने वाचतो. पहिलं, या काळात तुम्ही त्याच मालाचं स्वतःचं बिल काढणार नाही. हे तुमच्याही हिताचं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधून सवयीने एक बिल निघालं आणि त्यांचंही आलं, तर एकाच मालाची विक्री दोनदा दिसते. म्हणून त्या गिऱ्हाइकापुरतं बिल काढणं सिस्टीममधे बंदच करून टाका, नुसतं तोंडी सांगून भागत नाही. दुसरं, हरकतीची मुदत. अमुक दिवसांत काही बोलला नाहीत तर बिल मान्य, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ती मुदत तुम्हाला झेपणारी हवी आणि वादातल्या रकमेपायी बाकीचे पैसे अडणार नाहीत हेही लिहून घ्या. तिसरं, तुमचा कर नोंदणी क्रमांक बदलला किंवा नोंदणी रद्द झाली तर लगेच कळवायचं. त्यांनी तरीही कर लावून बिलं काढली, तर त्या कराची वजावट त्यांच्या अंगाशी येते. म्हणून शहाणा खरेदीदार पुरवठादारांची यादी ठेवतो आणि नोंदणी अधूनमधून स्वतः पडताळतो.

आता मुख्य मुद्दा. नेहमीच्या पद्धतीत तुमचं बिल, त्यांची ऑर्डर आणि त्यांची माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, अशा तीन गोष्टी जुळवल्या जातात. सेल्फ-बिलिंगमधे त्यातला तुमचा कागद गळतो. जीआरएनमधली संख्या गुणिले ऑर्डरमधला भाव, झालं बिल. म्हणजे गेटवरच्या माणसाने 500 ऐवजी 5000 टाकले तर थांबवणारं समोर कोणी नाही. मी तिकडे असताना हे घडलंय आणि पुरवठादाराने स्वतः फोन केला म्हणून कळलं. त्यानंतर ऑर्डरपेक्षा जास्त संख्येची नोंद सिस्टीम घेणारच नाही अशी मर्यादा घातली आणि भाव बदलण्याचा अधिकार माल उतरवून घेणाऱ्यांकडून काढून घेतला.

तुमच्या बाजूला त्या गळलेल्या कागदाची जागा तुमच्या चलानांनी घ्यायची. 'माल पाठवला, बिल यायचंय' असं एक खातं उघडा. चलान निघालं की कराराच्या भावाने त्यात रक्कम चढवा आणि त्यांचं बिल आलं की चलान क्रमांकानुसार उतरवा. महिनाअखेरीला उरतं त्याचा एकेक पैसा समजावून सांगता आला पाहिजे.

समजा महिन्यात तुम्ही 4, 11, 18 आणि 27 तारखेला प्रत्येकी 500 नग पाठवले. भाव 15 तारखेपर्यंत 40, पुढे 42 ठरलाय. तुमच्या हिशेबाने 1000 नगांचे 40,000 आणि उरलेल्या 1000 चे 42,000, म्हणजे करापूर्वी 82,000. त्यांचं बिल आलं 1480 नगांचं, सरसकट 40 ने, म्हणजे 59,200. तफावत 22,800.

'बिल चुकलंय' एवढाच मेल पाठवलात तर तो महिनाभर इकडून तिकडे फिरेल. आधी ती तफावत फोडा. 27 तारखेच्या गाडीची नोंद त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात पडली, त्याचे 21,000. ही चूक नाही, पुढच्या बिलात येईल. मात्र कर कोणत्या महिन्यात भरायचा हे तुमचा कायदा पुरवठ्याची तारीख कशी ठरवतो त्यावर आहे, त्यांचं बिल कधी आलं एवढ्यावर ते सोडू नका. 11 तारखेच्या चलानावर 480 च नग धरलेत, त्याचे 800. इथे विचारायचं की 20 नग कमी मिळाले की तपासणीत बाद झाले. बाद झाले असतील तर रिजेक्शनचा कागद आणि नग परत मागा. आणि त्या 20 चं बिलच झालेलं नाही, तेव्हा कोणी त्यांची डेबिट नोट वेगळी काढत असेल तर तिथेच थांबवा. नाहीतर तेच 800 दोनदा कापले जातात, हे मी नको तितक्या वेळा पाहिलंय.

उरलेले 1,000 म्हणजे 18 तारखेच्या 500 नगांवरचे दोन-दोन. त्यांच्या सिस्टीममधे नवा भाव चढलेला नाही. ही एकच तफावत अशी आहे की जी गप्प बसलात तर दर महिन्याला वाढते. भाववाढीचं मान्य झालेलं पत्र जोडून खरेदी विभागाला लिहा, कारण बिल विभागाला भाव बदलता येत नाही. फरकाचं पूरक बिलही त्यांनीच काढायचं. तुम्ही वैतागून स्वतः 1,000 चं बिल पाठवलंत तर पहिलं कलम तुम्हीच मोडलंत.

बिलावरचा बाकीचा मजकूर पाहायला दोन मिनिटं लागतात. तुमचं नाव, पत्ता, कर क्रमांक, कराचा दर, आणि बिल क्रमांकांत मधेच एखादा गहाळ तर नाही ना. गहाळ क्रमांकाचं बिल तुमच्या नावाने निघालेलं पण तुमच्यापर्यंत न पोचलेलं असू शकतं. ते त्यांच्या वजावटीत दिसेल, तुमच्या विक्रीत दिसणार नाही, आणि नोटीस तुम्हाला येईल.

सही करायला हरकत नाही. फक्त पहिले दोन महिने त्यांच्याकडून प्रत्येक जीआरएनवर तुमचा चलान क्रमांक छापून मागा. तो नसेल तर वरचा ताळमेळ बसवता येणार नाही. ते नाही म्हणाले तर सही पुढे ढकला.