तारखांच्या यादीत आकड्याच्या जागी महिन्याचं नाव

प्रश्न: एक्सेलमध्ये मंडळाच्या सभासदांच्या जन्मतारखा आहेत, 05/06/1958 अशा. महिन्याच्या आकड्याऐवजी नाव हवंय, जमलं तर मराठीत. सोपा मार्ग सांगा.

सोपा मार्ग एका ओळीचा आहे. तारखा A रकान्यात असतील तर शेजारच्या रकान्यात हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=TEXT(A2,"[$-44E]d mmmm yyyy")
```

"5 जून 1958" असं येईल. 44E हा मराठीचा कोड. कुणी 439 सांगितला तर घेऊ नका, तो हिंदीचा आहे. एप्रिलचं अप्रैल, जुलैचं जुलाई आणि ऑगस्टचं अगस्त होतं, आणि छापून आल्यावर सभासद तुम्हालाच धरतात.

आता मला सांगा, ती 05/06/1958 म्हणजे पाच जून की सहा मे? यादी कुणी भरली, कुठे भरली, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर वरचं सूत्र तुमची चूक सुंदर मराठीत छापून देईल, बाकी काही नाही. आकडा असेपर्यंत वाचणारा निदान शंका तरी घेतो. "५ जून" छापलं की कुणी शंका घेत नाही.

हे एवढ्या तावातावाने लिहितोय कारण आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत तारखांचं काम माझ्याकडे होतं. शाखेशाखेतून याद्या येत होत्या. पुण्याच्या, इंदूरच्या हाताने लिहिलेल्या, त्या मी टंकून घेतल्या. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने तिकडच्या सगळ्या शाखेची यादी संगणकावर तयार करून CSV पाठवली आणि वर निरोप, "सगळं तयार आहे, फक्त चिकटव." फाइल उघडली तर रकाना दिसायला अगदी नेटका. फक्त काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे.

ज्याला ही डावी-उजवी दिसली आणि कळली, त्याचं अर्धं काम झालं. एक्सेल खऱ्या तारखेला आकडा समजतं आणि आकडे उजवीकडे ठेवतं. जे त्याला तारीख म्हणून पटत नाही ते अक्षरं समजून डावीकडे. (रकाना मुद्दाम मध्यभागी केला असेल तर हे दिसणार नाही, तेव्हा आधी ती सजावट काढा.) भावाने अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस लिहिला होता. माझा संगणक भारतीय, आधी दिवस समजणारा. त्यामुळे 09/25/1961 त्याला पटेना, पंचविसावा महिना कुठून आणणार? ती डावीकडे पडली. पण 09/02/1934, म्हणजे भावाच्या मते दोन सप्टेंबर, ती माझ्या एक्सेलने बिनतक्रार नऊ फेब्रुवारी करून टाकली आणि ऐटीत उजवीकडे बसवली. म्हणजे डावीकडच्या तारखा कुरूप पण शाबूत, आणि चांगल्या दिसणाऱ्या बहुतेक उजवीकडच्या उलट्या. 07/07 सारख्या तारखा तेवढ्या नशिबाने वाचल्या.

मी भावाला फोन केला. त्याचं म्हणणं, "दादा, तुझ्या मशीनचा प्रॉब्लेम आहे, माझ्याकडे बरोबर दिसतंय." त्याच्याकडे बरोबरच दिसणार! मग मी त्याला एक उदाहरण दिलं. आमच्या एका आत्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून पक्की आहे, १२ ऑगस्ट १९३३. तिची पाठची बहीण नंतर मुलाकडे अमेरिकेत गेली, म्हणून ती भावाच्या यादीत होती, 09/02/1934. माझ्याकडे उघडल्यावर ती ९ फेब्रुवारी १९३४ झाली. ऑगस्टात एक मूल आणि फेब्रुवारीत दुसरं, सहा महिन्यांत? २ सप्टेंबर १९३४ धरली तर तेरा महिन्यांचं अंतर पडतं आणि सगळं जुळतं. घराण्याच्या यादीत तारीख उलटली की नाही हे ओळखायची ही सर्वांत चांगली कसोटी आहे: सख्ख्या भावंडांत नऊ महिन्यांपेक्षा कमी अंतर, किंवा लग्नाआधी मुंज न होता मुंजीआधी लग्न. तुमच्या मंडळाच्या यादीत भावंडं नसतील, पण सभासद झाल्याची तारीख असेल. मंडळ ज्या महिन्यात स्थापन झालं त्याच्या आधीचा सभासद सापडला की समजा.

अशी फाइल हाती आली तर सर्वांत बरं म्हणजे ती तशीच न उघडता रकाना Text म्हणून आयात करणं आणि मग Text to Columns मध्ये तिसऱ्या पायरीवर Date निवडून MDY सांगणं. एकदा उघडून बिघडलेल्या रकान्यावर Text to Columns चा उपयोग नाही, कारण उलटलेल्या तारखा आता त्याच्या लेखी खऱ्या तारखा आहेत. मूळ फाइल हाताशी नसेल तर हे चालतं:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),LEFT(A2,2),MID(A2,4,2)))
```

उजवीकडच्यांचा दिवस-महिना परत उलटतो, डावीकडच्यांचे तुकडे करून जोडतो. अटी तीन: पूर्ण रकाना एकाच माणसाने एकाच पद्धतीने भरलेला हवा, एक आकडी दिवस-महिन्याआधी शून्य हवं आणि साल १९०० च्या आधीचं नको. दोन पद्धतींच्या याद्या एकाखाली एक चिकटवून झाल्या असतील तर कुठलंही सूत्र तुम्हाला वाचवणार नाही, माणसांना फोन करा.

दुसरी अडचण तुम्हाला कदाचित येणार नाही, पण कुलवृत्तांतवाल्यांना हमखास येते. एक्सेलचं जग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्या दिवसाला तो 1 म्हणतो आणि पुढे मोजत जातो; तुमची ५ जून १९५८ त्याच्या पोटात 21341 आहे. त्याआधीची तारीख त्याला माहीतच नाही. लोकमान्यांची 23/07/1856 टाकून बघा, डावीकडे बसेल आणि TEXT चं सूत्र तिला हातही लावणार नाही, जशीच्या तशी परत देईल. आमच्याकडे १८०० च्या शतकातले पूर्वज भरपूर, म्हणून मी सगळा रकाना मुद्दाम अक्षरंच ठेवला आणि महिना मधून कापून काढला:

```
=VALUE(LEFT(A2,2))&" "&CHOOSE(VALUE(MID(A2,4,2)),
 "जानेवारी","फेब्रुवारी","मार्च","एप्रिल","मे","जून",
 "जुलै","ऑगस्ट","सप्टेंबर","ऑक्टोबर","नोव्हेंबर",
 "डिसेंबर")&" "&RIGHT(A2,4)
```

हे गूगल शीट्समध्येही चालतं. खऱ्या तारखेवर लावू नका: एक्सेल 21341 चे तुकडे करायला जातं, महिना म्हणून 41 उचलतं आणि #VALUE! देतं. तसं झालं तर घाबरू नका, उलट बरंच आहे. ती ओळ अक्षरं नसून तारीख आहे हे कळलं.

आणि सूत्रांची भीती वाटत असेल तर यादी नोटपॅडमध्ये चिकटवा आणि /01/ च्या जागी " जानेवारी ", /02/ च्या जागी " फेब्रुवारी " असं बारा वेळा बदला. दोन्ही बाजूंचे तिरके दांडे सोबत शोधायचे, म्हणजे दिवसाच्या आकड्याला धक्का लागत नाही. नुसतं 01 शोधून बदललं की पहिल्या तारखाही जानेवारी होतात आणि २००१ सालाचीही वाट लागते. हे बदल एक्सेलच्या खऱ्या तारखांवर मात्र करू नका. तिथे तो प्रत्येक बदलानंतर सेलमधला मजकूर नव्याने वाचतो आणि स्वतःच्या मर्जीने परत तारीख करतो.

हे सगळं उरकलं तोवर संपादक मंडळातल्या काकांनी नवं काढलं. म्हणे जानेवारी-फेब्रुवारी कसले मराठी महिने, मराठीत म्हणजे चैत्र-वैशाख. तुमच्याही मंडळात असे एक काका असतील, म्हणून सांगून ठेवतो. 06 च्या जागी ज्येष्ठ लिहिणारं सूत्र नाही आणि असू शकत नाही. २०२४ ला ५ जूनला वैशाख वद्य चालू होता, २०२५ ला त्याच तारखेला ज्येष्ठ शुद्ध दशमी होती. गुढीपाडवा २०२३ ला २२ मार्चला, २०२४ ला ९ एप्रिलला, २०२५ ला ३० मार्चला. त्यात मधूनच अधिक महिना. तिथी हवी असेल तर त्या त्या वर्षाचं पंचांग उघडून एकेक नाव बघावं लागतं. सूत्राने जमतं ते फक्त सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचं, १९५७ पासूनचं, ज्यात ५ जून दरवर्षी १५ ज्येष्ठ असते, पण त्या ज्येष्ठाचा काकांच्या वटपौर्णिमेशी संबंध नाही. मी काकांना म्हटलं, तिथ्या तुम्ही काढा, मी छापतो. विषय तिथेच संपला.

भावाचा विषय मात्र संपलेला नाही. तो अजून म्हणतो की आकडे सगळ्या जगात चालतात, नावं लिहिली की जागा खातात आणि भाषेचा प्रश्न येतो. माझं म्हणणं, जी तारीख दोन देशांतल्या माणसांच्या हातातून जाणार तिच्यात महिना आकड्यात लिहिणं हा आळस आहे. पुढच्या वेळी यादी भरून घेताना दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवा आणि महिन्याला नावांची यादी लावा, भरणाऱ्याने त्यातून निवडायचं. मग बदलायला काही उरतच नाही. भावाने १९३४ चा बिघाड अजून मान्य केलेला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. TEXT ने आलेलं नाव अक्षरं असतं, त्यावर क्रम लावला तर दिवसाच्या पहिल्या आकड्याने लागतो, महिन्याने नाही. म्हणून मूळ रकाना पुसू नका. किंवा सूत्रच नको, Format Cells मध्ये Custom ला [$-44E]d mmmm yyyy लिहा, तारीख आत खरीच राहते. आणि कुणी साल दोन आकड्यांत लिहिलं असेल तर 30 ते 99 ला एक्सेल सहसा १९०० चं शतक धरतं, 00 ते 29 ला २००० चं. तुमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांचा जन्म २०२८ चा दिसत असेल तर वर्ष चार आकडी करून घ्या, महिन्याचं मग बघा.