दात येताना हिरड्यांना काय लावावं, काय नाही

ताई, कोकणात अजूनही घरची मोठी माणसं टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या हिरड्यांना चोळायला सांगतात. त्यांची माया खरी आहे, पण हे अजिबात करू नका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो रोज थोडाथोडा पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. मधात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध नकोच.

दुकानातली जेल घेताना नळीवरचे घटक वाचा. बेंझोकेन किंवा लिडोकेन हे बधिर करणारं औषध असेल तर परत करा. लाळेबरोबर जेल मिनिटांत वाहून जाते, म्हणून माणसं पुन्हापुन्हा लावतात आणि औषध पोटात साठतं. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ-नखं निळसर, राखाडी दिसली तर लगेच रुग्णालय गाठा.

त्यापेक्षा हात साबणाने धुवा, नख कापलेलं बोट हिरडीवर एक-दोन मिनिटं हलकेच दाबत फिरवा. मऊ सुती फडक्याचं टोक उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा, फ्रीजमध्ये गार करा आणि समोर बसून चघळायला द्या. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, गोठलेल्या कापडाने हिरडी दुखावते.

ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला किंवा जुलाब लागले तर ते दातांवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.