सूत ते मिलिमीटर: तक्त्यात बाण हवाच

«स्वयंपाकघरात आणि सुतारकामाच्या टेबलाशेजारी लावायला मापांचा एकच तक्ता करतोय. 1 इंच = 25 मिमी, 1 सूत = 3 मिमी असे सोपे आकडे धरले तर चालेल का?»

माझ्याकडे हाच तक्ता होता, म्हणून कळकळीने सांगतो, नका धरू. मी पेशाने सुतार नाही, घरची कामं स्वतः करतो एवढंच.

माझ्या ओट्याखालच्या ड्रॉवरची जागा टेपने 22 इंच 3 सूत भरली. प्लाय कापून देणाऱ्या कारखान्यात मिमीमध्ये माप मागितलं. त्यांच्या काउंटरवर हेच दोन आकडे चिकटवलेले होते. मी 22 गुणिले 25 अधिक 9 केलं, आले 559. 8 सुतांचा एक इंच, म्हणून खरं माप 22.375 गुणिले 25.4, म्हणजे 568. टेलिस्कोपिक चॅनलसाठी दोन्ही बाजूंना 13-13 मिमी सोडून खोका 542 रुंद हवा होता, मी 533 सांगितला. बसवताना चॅनल एकमेकांत अडकेचनात. तीन खोक्यांना पट्ट्या ठोकाव्या लागल्या. कारखान्याने हात झटकले, "माप तुम्हीच दिलंत." तक्ता त्यांचा होता, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. अजून राग येतो.

एका सुताला चूक जेमतेम 0.2 मिमी आणि इंचाला 0.4. पण 22 इंचांत ती 9 मिमी होते. म्हणून आधी पूर्ण गुणाकार करा, पूर्णांक शेवटी एकदाच करा. माझ्या मते तक्ता असा असावा:

| यावरून → याकडे | काय करायचं |
|---|---|
| इंच → मिमी | 25.4 ने गुणा |
| सूत → मिमी | 1→3.2, 2→6.4, 3→9.5, 4→12.7, 6→19 |
| मिमी → इंच | 25.4 ने भागा |
| ओव्हन: फॅ → से | 325→165, 350→175, 400→205 |

ओव्हनचे आकडे जवळच्या 5 वर आणलेत, केकला तेवढा फरक जाणवत नाही. खोक्याला जाणवतो. त्यामुळे प्रत्येक ओळीला तिची स्वतःची सूट असू द्या.

बाण का, तर उलट येताना वेगळीच चूक होते. 568 भागिले 25.4 म्हणजे 22.36. हे पाहून 22 इंच 3 सूत म्हणाल तर उत्तर योगायोगाने बरोबर येतं. पण 22.6 आलं की लोक 6 सूत लिहितात. दशांशाला 8 ने गुणायचं असतं, 0.6 म्हणजे जवळपास 5 सूत.

वाटी ते ग्रॅम मात्र एका ओळीत कोंबू नका. 240 मिलीच्या कपात साखर 200 ग्रॅमच्या आसपास बसते, मैदा 120 ते 130, तोही दाबून भरला तर जास्त. पदार्थागणिक वेगळी ओळ लिहा, आणि वर "कप → ग्रॅम" लिहायला विसरू नका.