‘बघते’चा अर्थ आणि न आलेल्या उत्तराचा

*प्रश्न : मैत्रिणीला विचारलं, "शनिवारी नाटकाला येशील का?" ती म्हणाली, "बघते." परवा पुन्हा लिहिलं, "मग काय ठरलं?" निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. मराठीत ‘बघते’ म्हणजे नकारच असतो ना? माझ्यावर रागावली असेल का? की मी उगाच बिटवीन द लाइन्स वाचतेय? आणि अशा विचार करत बसण्याला मराठीत काय म्हणतात?*

‘बघते’ आणि ‘बघू’ यांत फरक आहे. ‘बघू’ म्हटलं की कोण बघणार, केव्हा बघणार, काहीच ठरत नाही. म्हणूनच सायकल मागणाऱ्या मुलाला वडील "बघू" म्हणाले की मुलगा काय ते समजतो. ‘बघते’मध्ये बघण्याचं काम बोलणारीनं स्वतःकडे घेतलेलं असतं. रूप वर्तमानकाळाचं असलं तरी "येते हं", "रात्री फोन करते" यांसारखं ते नजीकच्या पुढच्या काळाबद्दल बोलतं. म्हणजे तिला काहीतरी तपासायचं आहे : सुट्टी, घरातलं कुणाचं दुखणंखुपणं, त्या दिवशीचं आधीच दिलेलं आमंत्रण. व्याकरणानं पाहिलं तर हा नकार नाही.

पण माणसं भिडेखातरही "बघते" म्हणतात, हे खरंच आहे. समोरासमोर ते आपल्याला कळतं कशावरून? आवाजावरून. "बघते" झटकन आलं, की "बघते..." असं लांबलं, की त्याआधी एक "हं" आलं, यावरून. आवाजाच्या अशा बदलाला संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकू’ म्हणतात. शाळेत आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती शिकलो. त्यांतली व्यंजना म्हणजेच तुम्ही म्हणता ते ‘बिटवीन द लाइन्स’, शब्दांत नसलेला पण सुचवलेला अर्थ. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त हा अर्थ कशाच्या आधारानं लागतो ते सांगितलं आहे : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू काय, प्रसंग कोणता, स्थळ-काळ काय, वगैरे.

त्यानं घेतलेलं उदाहरण तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला, एवढंच वाक्य. गुराख्यांमध्ये त्याचा अर्थ ‘गुरं घराकडे वळवा’, दुकानदाराला ‘माल आवरा’, धर्मनिष्ठाला ‘संध्येची वेळ झाली’. वाट पाहणारीला ‘तुझा प्रियकर आता येईलच’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘तो आजही आला नाही’ असाही. वाक्य एकच, शब्द तेच, आणि अर्थ एकमेकांच्या अगदी उलट. कुठला घ्यायचा हे प्रसंगावरून ठरतं, आणि प्रसंग माहीत नसेल तर ठरवताच येत नाही.

आता तुमच्या फोनकडे बघा. ‘बघते’ हा निदान एक शब्द तरी होता, तोही काकूशिवाय आलेला. त्यानंतरच्या शांततेत तर शब्दही नाही, चेहरा नाही, हातवारे नाहीत. व्यंजनेला लागणारं जवळजवळ काहीच तुमच्या हाती नाही. आपल्याकडे मौन म्हणजे संमती असं मानायची जुनी रीत आहे. तुम्ही त्याच मौनाचा नकार केलात. दोन्ही अर्थ ऐकणाऱ्यानं घातलेले आहेत.

निळ्या टिकांचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन करड्या टिका म्हणजे निरोप फोनवर पोचला, निळ्या झाल्या म्हणजे तिच्या फोनवर तुमचं संभाषण उघडलं गेलं. रिक्षात बसता बसता उघडलं, की मुलानं गेमसाठी फोन घेतला तेव्हा उघडलं गेलं, हे टिक सांगत नाही. उलट बाजूही असते : वर आलेल्या सूचनेतच कुणी निरोप वाचला तर टिक करडीच राहते, आणि निळ्या टिका बंद ठेवलेल्या माणसाशी दोघांतल्या संभाषणात तर त्या उमटतच नाहीत. टिकेतून ‘वाचूनही उत्तर दिलं नाही’ हे वाक्य आपण तयार करतो. त्यातला ‘ही’ हा आपला असतो, आणि सगळा सल त्या ‘ही’मध्ये असतो.

मला तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो शब्द म्हणजे ‘असेल’. "रागावली असेल का?" असं तुम्ही लिहिलंत, ते अगदी बरोबर आहे. मराठी क्रियापद आपल्याला किती खात्री आहे हे फार नेमकं सांगतं. ‘रागावली असेल’ हा तर्क झाला. ‘रागावली असणार’ म्हटलं की तर्काला आपण दुजोरा दिला. ‘रागावली आहे’ म्हणजे वस्तुस्थिती. डोकं भणभणायला लागतं तेव्हा होतं ते एवढंच, की नवं काही कळलेलं नसताना क्रियापद बदलतं. सकाळी ‘रागावली असेल’, दुपारी ‘त्या दिवशीच्या बोलण्यावरून रागावली असणार’, रात्री ‘रागावलीच आहे, मला टाळतेय’. सकाळ ते रात्र, पुरावा तोच : दोन टिका.

म्हणून करायचं ते असं. मनातलं वाक्य कागदावर पूर्ण लिहा आणि त्याचं क्रियापद तपासा. ‘आहे’ लिहिलं असेल तर ते डोळ्यांनी पाहिलं की कुणी सांगितलं, हे स्वतःला विचारा. दोन्ही नसेल तर परत ‘असेल’ करा. ‘असेल’चा गुण असा, की तो शेजारी दुसरा ‘असेल’ नांदू देतो : तारीख जुळत नसेल, विसरली असेल, नवऱ्याला विचारायचं राहिलं असेल, आणि हो, रागावलीही असेल. ‘आहे’ आला की बाकीचे सगळे बाहेर जातात.

आता शब्दाचं. ‘अतिविचार’ हल्ली छापलेलं दिसतं, पण तो घडवलेला शब्द वाटतो, आणि त्यात फक्त प्रमाण येतं. शब्दाशब्दाची चिरफाड करण्याला ‘कीस काढणं’ म्हणतात, तर्कांच्या मालिकेला ‘शंकाकुशंका’. तुमच्या अवस्थेला मी मात्र ‘नाही नाही ते मनात येणं’ असंच म्हणेन. घराघरांत बोललं जाणारं हे मराठी इथे नेमकं बसतं. आणि ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण तर याच रोगाबद्दल आहे. शत्रूही आपल्याबद्दल इतकं वाईट योजत नाही, जेवढं आपलं मन योजतं.

पुढचा निरोप पाठवणार असाल तर "रागावलीस का?" असं विचारू नका. त्याला उत्तर देताना तिला स्वतःची सफाई द्यावी लागेल, आणि नाटक बाजूला राहील. "मग काय ठरलं?" हाही अडचणीचाच, कारण काही ठरलं नसेल तर त्याला उत्तर काय द्यायचं? त्यापेक्षा असं लिहा : "उद्या संध्याकाळी तिकिटं काढतेय. तुझं काढू का? जमत नसेल तरी चालेल, पुढच्या वेळी जाऊ." यात मुदत आहे, ‘हो’ किंवा ‘नाही’नं भागणारा प्रश्न आहे, आणि ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी आहे. तरीही उत्तर आलं नाही, तर एकच तिकीट काढा. त्यातून तिकिटाचा प्रश्न सुटतो, मैत्रीचा निकाल लागत नाही.

प्रत्येक वेळी ‘बघते’, आणि प्रत्येक वेळी पुढे काहीच नाही, असं वर्षभर चाललं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमच्याकडे प्रसंगांची रांग असते, म्हणजे व्यंजनेला लागणारा आधार असतो, आणि मग तिला फोन करून सरळ विचारायला हरकत नाही. फोनवर निदान काकू तरी ऐकू येते.