परीक्षा फॉर्मची मुदत आजारपणात हुकली. त्यानंतरच्या नऊ दिवसांचं काय?

प्रश्न : मी बी.कॉम. भाग तीनला आहे. परीक्षा फॉर्मची मुदत २४ सप्टेंबरला आणि विलंब शुल्कासह ३० सप्टेंबरला संपली. डेंग्यूमुळे मी २१ ते २८ सप्टेंबर दवाखान्यात ॲडमिट होते. डॉक्टरांनी ५ ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली होती. ९ तारखेला कॉलेजात गेले, तर क्लार्क म्हणाले, "लिंक बंद झाली, आता पुढच्या वेळी." परीक्षा २८ ऑक्टोबरला सुरू होतेय. प्राचार्यांना अर्ज दिला तर बसू देतील का? नाही दिलं तर केस करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर (१४ ऑक्टोबर)

उत्तर : तुमचं आजारपण कुणी खोटं म्हणणार नाही. दोन्ही मुदती आजारपणाच्या तारखांच्या आत पडतात, म्हणजे तिथं तुमची बाजू भक्कम आहे. अडचण ६ ऑक्टोबरपासून सुरू होते. ६, ७ आणि ८ तारखेला तुम्ही काय करत होता याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. ९ तारखेला खिडकीवर तोंडी विचारलंत आणि घरी आलात. १० ते १४ पुन्हा काही नाही. हे नऊ दिवस वैद्यकीय दाखल्यात बसत नाहीत, आणि तुमचं प्रकरण अडलं तर याच नऊ दिवसांवर अडेल. दर हंगामात अशी पत्रं येतात. बहुतेकांत दाखला चोख असतो आणि बरं झाल्यानंतरचे दिवस कोरे असतात.

क्लार्कचं "पुढच्या वेळी" हा नकार नव्हे. नकार देण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि ते वाक्य कुठं नोंदलेलंही नाही. त्याच दिवशी साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर आज तुमच्या हातात ९ ऑक्टोबरचा शिक्का असता. आईच्या फोनवरून दवाखान्यातूनच कॉलेजला एक मेल गेला असता, तर हा प्रश्न विचारायची वेळही आली नसती. असो. आता जो शिक्का मिळेल तो आजचा मिळवा.

प्राचार्यांना अर्ज द्यायचा तो कशासाठी, हे आधी स्पष्ट असू द्या. मुदत संपल्यावर फॉर्म घेण्याचा अधिकार प्राचार्यांचा नाही. परीक्षा विद्यापीठाची आहे. प्राचार्य दोनच गोष्टी करू शकतात: तुम्ही सत्र पूर्ण केलंय, हजेरी आणि अंतर्गत मूल्यमापन नीट आहे असं प्रमाणित करणं, आणि शिफारशीसह अर्ज पुढं पाठवणं. म्हणून "मला परीक्षेस बसण्याची परवानगी मिळावी ही नम्र विनंती" एवढंच लिहिलेला अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच पडून राहतो; त्यावर त्यांना करण्यासारखं काही नसतं. अर्ज प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना करा, आणि प्राचार्यांकडं मागणी करा ती शिफारशीची व पुढं पाठवण्याची. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर मात्र फॉर्म कॉलेजचाच असतो. मग निर्णय तिथल्या परीक्षा नियंत्रकांचा, आणि काम बरंच सोपं होतं. हे आधी विचारून घ्या.

दाखल्याबाबत एक इशारा. ६ ते १४ तारखांची पोकळी बुजवायला डॉक्टरांकडून विश्रांतीच्या तारखा वाढवून आणू नका. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते, त्यामुळं मागची तारीख घातलेला कागद तपासात लगेच उघडा पडतो. मग खरं आजारपणही संशयात येतं, आणि दाखला देणारा व वापरणारा दोघेही अडचणीत सापडतात. सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन नवा दाखला आणायचा सल्लाही कुणीतरी देईलच. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं नाही, ते मागच्या महिन्यातल्या तापाबद्दल काय लिहून देणार? डिस्चार्ज कार्ड, प्लेटलेटचे रिपोर्ट, दवाखान्याचं बिल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला एवढं पुरतं. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची, दोन्ही तारखा दिसायला हव्यात. केसपेपर हवे असतील तर दवाखान्याकडं लेखी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार रुग्णानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात.

त्या नऊ दिवसांचं जे खरं असेल ते लिहा. अशक्तपणामुळं गावी होतात, सोबत यायला कुणी नव्हतं, ९ तारखेला खिडकीवर विचारलं आणि तेच अंतिम उत्तर समजलात, असं असेल तर तसंच लिहा. कारण साधं असलं तरी चालतं. मात्र ते तारखेसह हवं.

अर्ज साधारण असा होईल:

*मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर*
*मा. प्राचार्य यांचेमार्फत*

*विषय : वैद्यकीय कारणामुळे मुदतीत न भरलेला परीक्षा अर्ज विलंब शुल्कासह स्वीकारणेबाबत.*

*महोदय, मी बी.कॉम. भाग तीनची नियमित विद्यार्थिनी असून माझा पीआरएन व रोल नंबर खाली दिला आहे. परीक्षा अर्जाची मुदत दि. २४ सप्टेंबर व विलंब शुल्कासह दि. ३० सप्टेंबर अशी होती. दि. २१ ते २८ सप्टेंबर मी डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल होते व दि. ५ ऑक्टोबरपर्यंत विश्रांतीचा वैद्यकीय सल्ला होता. दि. ६ ते ८ ऑक्टोबर (खरं कारण). दि. ९ ऑक्टोबर रोजी मी महाविद्यालयाच्या कार्यालयात समक्ष चौकशी केली असता ऑनलाइन लिंक बंद झाल्याचे तोंडी सांगण्यात आले. त्यानंतर आजपर्यंत (खरं कारण). नियमानुसार लागू असलेले विलंब शुल्क भरण्यास मी तयार आहे. तरी माझा अर्ज स्वीकारण्यात यावा. तसे करणे शक्य नसल्यास कारणांसह लेखी कळवावे. मा. प्राचार्यांनी माझी उपस्थिती व सत्रपूर्ती प्रमाणित करून हा अर्ज शिफारशीसह तातडीने पाठवावा, ही विनंती.*

"कारणांसह लेखी कळवावे" हे शब्द गाळू नका. पुढं कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर आव्हान कशाला द्यायचं, हे त्याच कागदावर ठरतं.

दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका. घेतच नसतील तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत मेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानंही टाका, पावती जपा. त्याच दिवशी आगाऊ प्रत घेऊन विद्यानगरला विद्यापीठाच्या आवक कक्षात जा आणि तिथलाही शिक्का घ्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन जावक क्रमांक विचारा. अर्ज कॉलेजातच पडून राहिला आणि विद्यार्थी विद्यापीठाची वाट पाहत बसला, असं फार वेळा होतं. कुणी रोख पैसे घेऊन "आत करून देतो" म्हणालं तर द्यायचे नाहीत, शुल्क पावतीवरच.

घाई कशासाठी, तर बैठक क्रमांकांसाठी. फॉर्मच्या संख्येवरून बैठक क्रमांक पडतात, केंद्रं ठरतात, प्रश्नपत्रिकांची संख्या आणि बैठक व्यवस्था लागते. याआधी आलेला अर्ज सामावून घेणं विद्यापीठाला जड नसतं. नंतर आलेल्या अर्जाला "एकासाठी सगळं बदलता येणार नाही" हे उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच चूक नाही.

आता केसचं. मुदतीनंतर फॉर्म स्वीकारलाच पाहिजे असा हक्क तुम्हाला नाही. तो विद्यापीठाच्या तारतम्याचा भाग आहे, आणि शैक्षणिक बाबतीत सहसा हात घालायचा नाही ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका १९८४ च्या परितोष शेठ निकालापासून स्पष्ट आहे. तुम्हाला मागता येईल ते एवढंच: अर्जाचा विचार करा आणि वेळेत, कारण देऊन निर्णय द्या. अर्जच केला नसेल तर हेही मागता येत नाही.

तक्रार निवारण समितीचा मार्ग कागदोपत्री आहे. २०२३ च्या यूजीसी विनियमांनुसार तिनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तुमच्या परीक्षेला १४ दिवस उरलेत आणि त्यात रविवारही आहेत. हिशेब तुम्हीच करा.

राहिली रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं मुंबईच्या खेपा वाचल्या. पण याचिका लिहिणं, विद्यापीठाच्या वकिलांना प्रत देणं, तातडीची सुनावणी मागणं यात चार-पाच दिवस सहज जातात, आणि ऑक्टोबरात दिवाळीची सुट्टी आडवी येऊ शकते. म्हणून साधारण २० तारखेपर्यंत नकार किंवा शांतता यांपैकी काय मिळतंय ते पाहा आणि त्याच दिवशी वकील गाठा. २६ तारखेला फाइल घेऊन आलात, तर न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न त्या नऊ दिवसांबद्दल असेल आणि दुसरा या बारा दिवसांबद्दल.

अंतरिम आदेशानं बसायला मिळालं तरी हुरळून जाऊ नका. असं बसणं याचिकेच्या निकालावर अवलंबून असतं, आणि तोवर परीक्षेचा निकाल राखून ठेवला जाऊ शकतो. विद्यापीठानं स्वतः फॉर्म घेऊन दिलेल्या हॉल तिकिटाचं मात्र वेगळं. श्रीकृष्णन विरुद्ध कुरुक्षेत्र विद्यापीठ या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फॉर्म तपासणं विद्यापीठाचं काम होतं. विद्यार्थ्यानं काही लपवलं नसेल, तर परीक्षेला बसू दिल्यावर मागाहून त्याची उमेदवारी रद्द करता येत नाही. "काही लपवलं नसेल तर" ही अट तिथं महत्त्वाची आहे, आणि दाखल्याच्या तारखा वाढवू नका म्हणालो ते याचसाठी.

परवानगी मिळाली तर फॉर्मवरचे विषय, माध्यम आणि मागं राहिलेला एखादा पेपर त्याच खिडकीवर उभं राहून तपासा. घाईत भरलेल्या फॉर्ममध्ये एखादा विषय सुटतो, आणि तो पुन्हा घालायला दुसरी लिंक उघडत नाही.