बीजीव्ही अडकलंय म्हणून जॉइनिंग लांबतंय, नोटीस पाठवू का?

प्रश्न: सर, आधीची नोकरी सोडली, रिलीव्हिंग लेटर हातात आहे, नवीन कंपनीची ऑफर सही करून पाठवली. जॉइनिंग ५ तारखेला होतं, पण एचआर म्हणतात बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, पेंडिंग आहे, क्लिअर झालं की कळवतो. त्याआधी २०२२ पर्यंत ज्या स्टार्टअपमध्ये होतो ती बंद पडलीय, तिथलं कोणी फोन उचलत नाही. पीएफ कापला जायचा पण एक्झिट डेट टाकलेली नाही. हातात पगार नाही. कंपनीला लीगल नोटीस पाठवू का?

नोटीस आत्ता नको. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे ऑफर लेटर काढा आणि त्यातलं बीजीव्हीचं वाक्य नीट वाचा, कारण तुमची कायदेशीर बाजू बरीचशी त्या एका वाक्यावर उभी आहे. 'व्हेरिफिकेशन समाधानकारक पूर्ण झाल्यावरच जॉइनिंग' असं लिहिलं असेल तर करार सशर्त झाला, भारतीय करार कायदा १८७२ मध्ये कलम ३१ आणि ३२ मध्ये हेच आहे, ती घटना घडेपर्यंत करार अमलात आणायची मागणी करता येत नाही. पण 'जॉइन झाल्यानंतर रिपोर्ट निगेटिव्ह आला तर नोकरी संपवू' असं असेल तर गोष्ट वेगळी, मग पेंडिंग बीजीव्हीच्या नावाखाली ठरलेली तारीख टाळायला त्यांना आधार कमी आहे, आणि हे तुम्ही मेलमध्ये शांतपणे दाखवून देऊ शकता. बरेच जण हे वाक्य न वाचताच माझ्याकडे येतात, अर्धा वेळ तिथेच जातो.

आता पहिला प्रकार धरून चालू, कारण बहुतेक लेटरमध्ये तोच असतो. सशर्त म्हणजे कंपनीने कितीही दिवस लटकवावं असं नाही हं. पूर्ततेची मुदत लिहिलेली नसेल तर वाजवी वेळात पूर्तता व्हायला हवी असं कलम ४६ सांगतं, आणि ज्याच्या हातात प्रक्रिया आहे त्यानेच ती हलवली नाही तर त्या अटीचा फायदा त्याला घेता येऊ नये हा युक्तिवाद उभा राहतो. पण वाजवी वेळ म्हणजे किती हे प्रत्येक केसच्या परिस्थितीवर ठरतं, आणि इथे समोरचा पक्ष लगेच म्हणेल की उशीर आमच्यामुळे नाही, उमेदवाराची कागदपत्रं अपुरी होती. म्हणून आधी ते कारण त्यांच्या हातातून काढून घ्यायचं.

एचआरला फोन करू नका, मेल करा. 'स्टेटस काय' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'पेंडिंग' एवढंच येतं. विचारा की कोणता चेक अडकलाय, एज्युकेशन, पत्ता की एम्प्लॉयमेंट, आणि कंपनीसाठी पडताळणी करणाऱ्या व्हेंडरने 'इनसफिशियन्सी' काढलीय का. हा शब्द महत्त्वाचा आहे. व्हेंडरला कागद कमी पडला की तो इनसफिशियन्सी टाकतो, केस होल्डवर जाते, आणि काम पूर्ण करायच्या त्यांच्या मुदतीचं, म्हणजे टीएटीचं, घड्याळ तिथेच थांबतं. त्याचा मेल तुमच्या पर्सनल आयडीच्या स्पॅममध्ये पडलेला असतो आणि तुम्ही व एचआर दोघंही एकमेकांची वाट बघत बसता. आज स्पॅम बघाच.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं अडकलाय तो स्टार्टअपचा चेक. बंद कंपनीकडून उत्तर येणारच नाही, त्यामुळे व्हेंडर 'अनेबल टू व्हेरिफाय' लिहून मोकळा होईल. त्याचा अर्थ तुम्ही खोटं बोललात असा नाही, पण एचआरला ते तसं वाचता येतं, म्हणून पर्यायी पुरावा तुम्हीच पुढे करायचा. कंपनी खरंच बंद झालीय हे एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनी मास्टर डेटामध्ये दिसतं, 'Strike Off' असा स्टेटस आला तर त्याची पीडीएफ काढा. तुम्ही तिथे काम केलंत हे त्या वर्षाच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कापलेल्या कराच्या नोंदीत दिसतं, आयकर कायद्याच्या कलम १९२ खाली कंपनीचं नाव, टॅन आणि पगारावर कापलेला कर असतो, आणि तो तुम्ही नंतर बनवू शकत नाही म्हणून त्याला वजन आहे (कर कापलाच गेला नसेल तर मात्र तिथे काही सापडणार नाही, मग बँक स्टेटमेंटवरच भर द्या). पगार जमा झाल्याच्या नोंदी, ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर हे सगळं एकाच मेलमध्ये.

पीएफची एक्झिट डेट मात्र घाईत टाकू नका. शेवटच्या कॉन्ट्रिब्युशनला दोन महिने उलटले असतील तर ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit मधून तुम्ही स्वतः आधार ओटीपीने ती टाकू शकता, फक्त तारीख शेवटचं कॉन्ट्रिब्युशन ज्या महिन्याचं आहे त्याच महिन्यातली हवी. समजा रिलीव्हिंग लेटरवर १४ जून आहे आणि शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जूनचंच आहे, तर १४ जूनच टाका. सवयीने ३० जून टाकलीत तर रेझ्युमे एक सांगतो, लेटर एक, पीएफ तिसरंच, आणि आधी नुसतं पेंडिंग असलेलं आता 'डिस्क्रेपन्सी' होतं. नंतर बदलायची म्हटलं तर तुमच्या आणि कंपनीच्या एकत्रित जॉइंट डिक्लरेशनचा व्याप मागे लागतो, तोही बंद कंपनीच्या बाबतीत. आणि कुणी 'एक्सपिरियन्स लेटर बनवून देतो' म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा, खरी केस आहे तुमची, ती खोट्या कागदाने बुडवू नका.

मेलच्या शेवटी दोनच गोष्टी मागा. एक, नवीन जॉइनिंग डेट लेखी. दोन, अंडरटेकिंगवर, म्हणजे तुमच्या लेखी हमीवर, प्रोव्हिजनल जॉइनिंग मिळेल का. दुसरं द्यायला कंपनी बांधील नाही, पण काही कंपन्या देतात. सही करण्याआधी मात्र बघा की रिपोर्ट 'अनेबल टू व्हेरिफाय' आला तरी काढता येईल असं त्यात लिहिलंय का, असेल तर बदल मागा, की फक्त तुमची माहिती खोटी ठरली तरच काढता येईल.

आता नोटीसचं. सात-आठ कामाच्या दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, किंवा ऑफर मागे घेतली, तर वकिलामार्फत नोटीसला अर्थ आहे, पण अपेक्षा नीट ठेवा. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट सहसा जबरदस्तीने अमलात आणायला लावत नाही, विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ चं कलम १४ आडवं येतं. राहते ती नुकसानभरपाई, करार कायद्याच्या कलम ७३ खाली, आणि त्यात तुम्हाला दाखवावं लागेल की ऑफरवर विसंबून तुम्ही नोकरी सोडली, कंपनीला ते माहीत होतं, आणि नुकसान कमी करायला तुम्ही प्रयत्न केले. म्हणून इतर ठिकाणचे इंटरव्ह्यू चालू ठेवा, त्यांचे मेल जपा, जुन्या मॅनेजरला परत घेता का म्हणून विचारलंत तर तेही मेलवर विचारा. भरपाईच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे ह्या आठवड्यात पुरावा गोळा करण्यात वेळ गेला तर काही बिघडत नाही. जॉइनिंगच्या आधीचा पगार मात्र ऑफरमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर मागता येत नाही. आणि नवीन ऑफर आली तर ती स्वीकारायला तुम्ही मोकळे आहात का, हे ह्याच लेटरमधल्या जॉइन न झाल्यास भरपाईच्या कलमावरून ठरेल, ते पान मला पाठवा.